वंशावळीचा तक्ता तपासताना: ‘बाधित सगळे पुरुषच’ हा पुरावा कितपत पक्का?

एखाद्या आनुवंशिक विकाराच्या वंशावळीचा तक्ता तपासायला हातात येतो तेव्हा त्याखाली निष्कर्ष बहुधा लिहिलेलाच असतो. ‘एक्स-लिंक्ड अप्रभावी’, ‘अलिंगी प्रभावी’ असे दोन-तीन शब्द. ‘एक्स-लिंक्ड’ म्हणजे विकाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, ‘अलिंगी’ म्हणजे ते लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाही. ‘प्रभावी’त जनुकाची एक बदललेली प्रत विकाराला पुरते, ‘अप्रभावी’त एकही निरोगी प्रत उरलेली नसावी लागते. नवशिका माणूस आधी तो निष्कर्ष वाचतो आणि मग तक्ता त्याच्याशी जुळतो का ते पाहतो. इथेच गाडी घसरते, कारण एकच तक्ता दोन-तीन पद्धतींशी सहज जुळू शकतो. निष्कर्षाशी जुळणारं चित्र सापडलं म्हणून बाकीचे पर्याय बाद होत नाहीत. म्हणून तपासणीची सुरुवात निष्कर्षावर कागद ठेवून करावी आणि शेवटी तो काढावा.

पुढची सगळी तपासणी एकाच तक्त्यावर करू. तो सरावासाठी रचलेला आहे. विकार आहे रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे दृष्टिपटलाचा हळूहळू ऱ्हास. सुरुवात बहुधा रात्री कमी दिसण्यापासून होते, मग नजरेचा घेर आक्रसत जातो. हा विकार मुद्दाम निवडला आहे, कारण तो अलिंगी प्रभावी, अलिंगी अप्रभावी आणि एक्स-लिंक्ड अशा तिन्ही पद्धतींनी घराण्यात उतरू शकतो. विकाराच्या नावावरून उत्तर मिळत नाही, तक्ताच वाचावा लागतो.

तक्ता असा आहे. पिढ्यांना तक्त्यावर रोमन आकडे असतात, इथे सोयीसाठी साधे आकडे वापरले आहेत. २-५ म्हणजे दुसऱ्या पिढीतली डावीकडून पाचवी व्यक्ती.

पहिल्या पिढीत १-१ पुरुष आणि १-२ स्त्री, दोघेही कोरे, म्हणजे अबाधित. त्यांची तीन मुलं: २-१ हा बाधित पुरुष, २-३ हा कोरा चौकोन पण त्यावर तिरपी रेघ, आणि २-५ ही अबाधित मुलगी. २-१ ची बायको २-२ आणि २-५ चा नवरा २-४, दोघेही अबाधित. २-१ आणि २-२ यांना ३-१ मुलगी आणि ३-२ मुलगा, दोघेही कोरे. २-४ आणि २-५ यांना तीन मुलं: ३-३ बाधित मुलगा, ३-४ मुलगी जिचं वर्तुळ अर्धंच काळं आहे, आणि ३-५ बाधित मुलगा. ३-५ कडे बाण आणि इंग्रजी पी हे अक्षर आहे. निष्कर्ष: ‘बाधित सर्व पुरुष, अबाधित स्त्रीमार्फत पुढे गेलेला, म्हणून एक्स-लिंक्ड अप्रभावी’.

पहिली पायरी: सूची आणि चिन्हं

तक्त्याच्या कोपऱ्यात सूची आहे का ते आधी पाहा. काळा रंग म्हणजे कोणता विकार, ठिपका म्हणजे काय, माहिती कोणी दिली आणि तक्ता कोणत्या तारखेला काढला, एवढं तिथे हवं. सूची नसलेला तक्ता पुढे तपासूच नये, आधी ती मागून घ्यावी.

चिन्हांचा सर्वमान्य संच अमेरिकेच्या नॅशनल सोसायटी ऑफ जेनेटिक काउन्सेलर्सच्या गटाने १९९५ साली प्रसिद्ध केला आणि नंतर २००८ आणि २०२२ मध्ये सुधारला. चौकोन पुरुष, वर्तुळ स्त्री, आणि लिंग माहीत नसेल किंवा नमूद करायचं नसेल तर उभा शंकरपाळ्यासारखा आकार. भरलेलं चिन्ह बाधित. तिरपी रेघ म्हणजे मृत. बाण आणि पी म्हणजे प्रोबँड, ज्या बाधित व्यक्तीमुळे हे घराणं नजरेस आलं ती. पी नसलेला नुसता बाण म्हणजे सल्ला मागायला आलेली व्यक्ती, आणि ती बाधित असेलच असं नाही. हे दोन बाण एक समजले तर पुढे हिशेब चुकतो, कारण प्रोबँड मुळात बाधित म्हणूनच निवडला गेलेला असतो.

सगळ्यात जास्त गोंधळ अर्ध्या काळ्या चिन्हाचा होतो. पाठ्यपुस्तकांत अर्धं काळं म्हणजे वाहक असं सर्रास छापलेलं असतं. वाहक म्हणजे एक बदललेली प्रत बाळगणारी पण स्वतः बाधित नसलेली व्यक्ती. सर्वमान्य संचात मात्र वाहकासाठी मधोमध ठिपका आहे. तिथे चिन्हाचे भाग वेगवेगळ्या पद्धतीने भरतात ते एकाच तक्त्यात एकाहून जास्त विकार दाखवायचे असतील तेव्हा. चाचणीत बदल सापडला आहे, लक्षणं अजून नाहीत पण पुढे येऊ शकतात, अशा व्यक्तीसाठी मधून उभी रेघ असते. म्हणजे आपल्या ३-४ च्या अर्ध्या वर्तुळाचे निदान तीन अर्थ निघतात: ती वाहक आहे, तिला सौम्य विकार आहे, किंवा तिला वेगळाच काही विकार आहे. सूचीत खुलासा नसेल तर आपल्या मनाने एक अर्थ धरू नये. ३-४ भोवती लाल गोल करा, प्रश्न लिहा आणि पुढे जा. याच मुलीवर शेवटी सगळा निष्कर्ष उलटणार आहे.

दुसरी पायरी: कोरं चिन्ह खरंच कोरं आहे का

कोऱ्या चिन्हाचा अर्थ ‘अबाधित’ असा घेतला जातो. प्रत्यक्षात ते तीन कारणांनी कोरं राहतं. एक, तपासणी झाली आणि विकार नाही. दोन, कोणी तपासलंच नाही, घरच्यांनी ‘तो ठीक होता’ असं सांगितलं. तीन, विकार दिसण्याच्या वयाआधीच ती व्यक्ती गेली, किंवा अजून त्या वयाची झालेली नाही.

म्हणून प्रत्येक चिन्हाखाली वय, आणि मृतांच्या बाबतीत मृत्यूचं वय व कारण हवं. आपल्या तक्त्यात विचारल्यावर कळलं की २-३ वयाच्या चौथ्या वर्षी तापाने गेला. चार वर्षांच्या मुलाला रात्री कमी दिसत होतं का, हे कोण सांगणार? त्याचं चिन्ह कोरं असलं तरी पुराव्यात त्याला ‘अबाधित मुलगा’ म्हणून धरता येत नाही. चिन्हाखाली ‘मृत्यू ४ वर्षं, स्थिती अज्ञात’ असं लिहायला सांगा. उशिरा दिसणाऱ्या विकारांत ही खबरदारी आणखी मोठी होते. हंटिंग्टन रोगाची लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतात, त्यामुळे पंचवीस वर्षांचा कोरा चौकोन जवळजवळ काहीच सांगत नाही.

उलट बाजूही पाहा. २-४ हा ५८ वर्षांचा आहे आणि त्याची दृष्टिपटलाची तपासणी झाली असून ती सामान्य आहे, अशी नोंद असेल तर तो पक्का अबाधित. या माणसावर पुढे बराच भार पडणार असल्याने ही नोंद मागून घेणं परवडतं.

तिसरी पायरी: रेघा आणि पिढ्या

जोडप्याला जोडणारी आडवी रेघ, त्यातून खाली उतरणारी उभी रेघ, आणि भावंडांना जोडणारी आडवी रेघ. प्रत्येक मुलापासून बोट वर नेत दोन आईबापांपर्यंत पोहोचता येतं का ते पाहा. भावंडं डावीकडून उजवीकडे जन्मक्रमाने हवीत आणि जमेल तिथे जोडप्यात पुरुष डावीकडे. क्रमांक देताना लग्न करून आलेल्या माणसांनाही क्रमांक मिळतो. पुष्कळ तक्त्यांत तो राहून जातो, आणि मग निष्कर्षात लिहिलेली ‘२-४’ ही व्यक्ती तक्त्यात भलतीच निघते.

एका पिढीतले सगळे एकाच आडव्या ओळीत असावेत. मामा आणि भाचा वयाने सारखे असले तरी त्यांच्या ओळी वेगळ्या. जुळ्यांच्या दोन तिरप्या रेघा एकाच बिंदूतून निघतात आणि एकसारख्या जुळ्यांच्या रेघांमध्ये एक आडवी पट्टी असते. दत्तक व्यक्तीभोवती चौकटी कंस असतात आणि तिला दत्तक आईबापांशी जोडणारी रेघ तुटक असते. तुटक रेघेवरून जनुक उतरत नाही, त्यामुळे पुराव्यात तिला स्थान नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र जोडप्याच्या रेघेत असते. नात्यातल्या जोडप्याला दुहेरी रेघ हवी. आपल्या तक्त्यात २-४ आणि २-५ यांच्यात एकेरी रेघ आहे. ती तपासून काढलेली आहे, की कोणी विचारलंच नाही म्हणून एकेरी राहिली? ‘तुमचं लग्न नात्यात झालं का?’ एवढा सरळ प्रश्न पुरत नाही. दोघांच्या आजी-आजोबांची नावं आणि मूळ गावं विचारली की नातं बाहेर पडतं. हा दुसरा लाल गोल.

चौथी पायरी: त्रिकूट गाठून पर्याय बाद करणं

आता तक्ता वाचायचा. एकूण चित्राकडे बघून ‘असं वाटतं’ म्हणण्याऐवजी आई, बाप आणि मूल अशी त्रिकुटं शोधायची आणि एकेका त्रिकुटाने कोणती पद्धत बाद होते ते लिहायचं. निष्कर्षाला आधार देणारं त्रिकूट क्रमांकासह दाखवता आलं पाहिजे.

कामाची त्रिकुटं थोडीच आहेत. दोन्ही पालक अबाधित आणि मूल बाधित असेल तर नेहमीची प्रभावी पद्धत बसत नाही. दोन्ही पालक बाधित आणि मूल पक्कं अबाधित असेल तर अप्रभावी बसत नाही. मुलगी बाधित आणि बाप अबाधित असेल तर एक्स-लिंक्ड अप्रभावी बसत नाही, कारण मुलीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बापाचं असतं, आणि बापाच्या एकुलत्या एक एक्सवर तो बदल असता तर तोही बाधित असता. आई बाधित आणि मुलगा अबाधित असला तरी तीच पद्धत बाद. बाप बाधित आणि मुलगी अबाधित असेल तर एक्स-लिंक्ड प्रभावी बाद.

‘बापाकडून मुलाकडे’ या त्रिकुटावर मात्र लोक गरजेपेक्षा जास्त भार टाकतात. बाप मुलाला वाय देतो, एक्स देत नाही, हे खरंच. पण बाप आणि मुलगा दोघेही बाधित दिसले म्हणून एक्स-लिंक्ड अप्रभावी आपोआप बाद होत नाही, कारण मुलाला तो बदल वाहक आईकडूनही मिळालेला असू शकतो. विकार दुर्मीळ असेल तर हा योगायोग सोडून देता येतो. लाल-हिरव्या रंगांधत्वात नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत ते सुमारे ८ टक्के असतं आणि तिथल्या साधारण १५ टक्के स्त्रिया वाहक असतात. म्हणजे बाहेरून आलेली सूनही वाहक असणं तिथे अजिबात विशेष नाही.

आता आपला तक्ता. १-१ आणि १-२ कोरे, २-१ बाधित. तसंच २-४ आणि २-५ कोरे, ३-३ आणि ३-५ बाधित. दोनदा तेच त्रिकूट, म्हणजे नेहमीची प्रभावी पद्धत बसत नाही. २-१ बाधित असून त्याची मुलगी ३-१ अबाधित, म्हणून एक्स-लिंक्ड प्रभावीही बाद. एक्स-लिंक्ड अप्रभावी बसते: १-२ वाहक, तिच्याकडून २-१ ला आणि २-५ ला, पुढे २-५ कडून दोन मुलांना. आणि अलिंगी अप्रभावी? तीही बसते. त्यासाठी १-१, १-२, २-४ आणि २-५ हे चौघे वाहक असले की झालं.

दोन पर्याय आणखी उरतात. मायटोकॉन्ड्रियातला बदल फक्त आईकडून उतरतो आणि त्याची तीव्रता भावंडांत वेगवेगळी असते. १-२ कडून २-१ आणि २-५, मग २-५ ची मुलं, ही वाट तिथेही जुळते. मात्र त्या विकारांत बहुधा स्नायू, मज्जासंस्था, ऐकू येणं अशा इतर ठिकाणीही काही ना काही सापडतं. दुसरा पर्याय म्हणजे माणसं वगळत जाणारी प्रभावी पद्धत, जिथे बदल असूनही व्यक्ती निरोगी राहते. इथे पहिल्या पिढीतलं एक आणि २-५ असे दोन जण सुटलेले मानावे लागतील. बदल असलेल्या १० पैकी ९ जणांत विकार दिसतो असं धरलं तर दोघेही सुटण्याची शक्यता १/१० × १/१०, म्हणजे शंभरात एक. पण रेटिनायटिस पिगमेंटोसात पीआरपीएफ३१ या जनुकाचे बदल असेच माणसं वगळत जाणारे म्हणून ओळखीचे आहेत. तेव्हा हा पर्याय खोडू नका, दुबळा म्हणून बाजूला लिहून ठेवा.

पाचवी पायरी: ‘सगळे पुरुष’ याचं वजन करणं

मूळ निष्कर्ष ‘बाधित सगळे पुरुष’ यावर उभा आहे. बाधित तिघे. विकाराचा लिंगाशी काही संबंध नसेल तर तिघेही पुरुष निघण्याची शक्यता १/२ × १/२ × १/२, म्हणजे आठात एक. तीन वेळा नाणं उडवून तिन्ही वेळा छापा पडला तर नाणं खोटं आहे असं कोणी म्हणत नाही. या तिघांऐवजी सात पुरुष असते आणि शेजारी सात-आठ पक्क्या अबाधित बहिणी असत्या, तर गोष्ट निराळी होती.

अधिक नेमकं वजन भावंडांच्या गटातून काढता येतं. सध्यापुरतं ३-४ ला अबाधित धरू. आई वाहक आहे असं धरून एक्स-लिंक्ड अप्रभावीत प्रत्येक मुलगा बाधित होण्याची शक्यता १/२ आणि मुलगी अबाधित राहण्याची १. म्हणजे हा गट असा दिसण्याची शक्यता १/२ × १/२ × १, म्हणजे १६/६४. आईबाप दोघेही वाहक धरून अलिंगी अप्रभावीत ती १/४ × १/४ × ३/४, म्हणजे ३/६४. पहिल्या पद्धतीचं पारडं साधारण पाच पटींनी जड. त्यात तथ्य आहे, पण निकाल लावण्याइतकं नाही.

खरा फरक पडतो तो २-४ वाहक असण्याच्या किमतीने. हिशेबापुरतं असं धरा की सामान्य लोकांत या जनुकाचा वाहक शंभरात एक असतो. २-४ परका असेल तर अलिंगी अप्रभावीसाठी तो १/१०० चा योगायोग मानावा लागतो, आणि तिथे एक्स-लिंक्ड बरीच पुढे जाते. पण तो १-१ च्या सख्ख्या बहिणीचा मुलगा असेल तर? १-१ वाहक असल्यास त्याची बहीण वाहक असण्याची शक्यता १/२ आणि तिचा मुलगा वाहक असण्याची १/४. म्हणजे १/१०० वरून १/४, पंचवीस पट वाढ. आधीचं पाच पटींचं पारडं एका दुहेरी रेघेसमोर हलकं वाटू लागतं. म्हणून तिसऱ्या पायरीतला तो लाल गोल इतका मोलाचा.

सहावी पायरी: ठिपके निष्कर्षाशी बोलतात का

आता निष्कर्षावरचा कागद काढा. लिहिलेली पद्धत खरी मानली तर कोण कोण नक्की वाहक असायला हवं याची यादी स्वतः करा आणि तक्त्यातल्या ठिपक्यांशी ताडून पाहा. तक्ता काढणाऱ्याला पद्धत समजली होती की त्याने नुसतं नाव चिकटवलं, हे इथे उघडं पडतं.

एक्स-लिंक्ड अप्रभावीत बाधित पुरुषाची प्रत्येक मुलगी नक्की वाहक असते, कारण बापाचं एकमेव एक्स तिलाच जातं. मुलाला त्याच्याकडून काहीच लागत नाही. याचं प्रसिद्ध उदाहरण व्हिक्टोरिया राणीच्या घराण्यात आहे. तिचा मुलगा लिओपोल्ड याला हिमोफिलिया होता आणि १८८४ साली पडल्यामुळे झालेल्या रक्तस्रावाने तो गेला. त्याचा मुलगा चार्ल्स एडवर्ड निरोगी राहिला, मुलगी ॲलिस हिलाही त्रास नव्हता, पण ॲलिसचा मुलगा रूपर्ट हिमोफिलियाने बाधित निघाला. तिथे ॲलिसच्या वर्तुळात ठिपका हवाच, आणि चार्ल्स एडवर्डच्या चौकोनात तो दिसला तर तक्ता चुकलेला आहे.

हाच नियम आपल्या तक्त्याला लावा. निष्कर्ष एक्स-लिंक्ड असेल तर २-१ ची मुलगी ३-१ हिच्या वर्तुळात ठिपका हवा. तो नाही. २-५ च्या वर्तुळातही नाही, आणि तिचा तर एक भाऊ आणि दोन मुलगे बाधित. उलट ३-४ नक्की वाहक ठरत नाही, तिची शक्यता १/२ आहे, तरी तिचंच वर्तुळ अर्धं भरलेलं. तेव्हा ते अर्धं वर्तुळ ‘वाहक’ या अर्थाने काढलेलं नसावं, अशी शंका बळावते.

सातवी पायरी: दोन लाल गोल सोडवणं

तक्ता दोन प्रश्नांसह परत पाठवला आणि उत्तरं आली असं धरू. पहिलं: २-४ हा खरोखरच १-१ च्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. दुसरं: ३-४ हिला रात्री कमी दिसतं, तपासणीत दृष्टिपटलावर भावांसारखेच बदल आहेत आणि नजरेचा घेरही तितकाच आक्रसला आहे. तक्ता काढणाऱ्याने तिची तक्रार उशिरा सुरू झाली म्हणून अर्धं वर्तुळ भरलं होतं.

आता ३-४ बाधित आणि तिचा बाप २-४ तपासून अबाधित. हेच ते निर्णायक त्रिकूट, आणि त्याने एक्स-लिंक्ड अप्रभावी बसेनाशी झाली. इथेही एक खबरदारी आहे. एक्स-लिंक्ड रेटिनायटिस पिगमेंटोसात वाहक स्त्रियांनाही कधी कधी लक्षणं दिसतात, कारण स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतं आणि ही वाटणी नेहमी समसमान होत नाही. म्हणून ‘मुलीला विकार आहे’ एवढं पुरत नाही, तो किती आहे तेही नोंदलेलं हवं. ठिकठिकाणी डाग आणि सौम्य तक्रार असती तर एक्स-लिंक्डचा दरवाजा उघडाच राहिला असता. भावांइतकाच पुरता विकार असेल तर तो बराचसा बंद होतो.

इथे कोणी म्हणेल की अलिंगी अप्रभावीत तीनपैकी तिन्ही मुलं बाधित होण्याची शक्यता १/६४, मग हे पटतं कसं? दोन गोष्टी लक्षात घ्या. शक्यता कमी आहे हे महत्त्वाचं नाही, दुसऱ्या पद्धतीपेक्षा ती किती आहे हे महत्त्वाचं. आणि ज्या घरात एकही मूल बाधित निघालं नाही त्या घराचा तक्ता कोणी काढतच नाही. आपल्यापर्यंत पोहोचणारी घरं बाधितांच्या संख्येमुळेच पोहोचतात, त्यामुळे चारात एक हे प्रमाण एखाद्या तक्त्यात मोजून पडताळायला जाऊ नये.

तक्ता दुरुस्त करताना एक किचकट भाग येतो. २-४ आणि २-५ यांचं नातं दाखवायचं तर १-१ आणि त्याच्या बहिणीचे आईबाप काढावे लागतात. ते वरच्या नव्या ओळीत येतात आणि सगळ्या पिढ्यांचे आकडे एकाने सरकतात. जुना २-४ आता तिसऱ्या पिढीत जातो, ओळीतला त्याचा क्रमांकही बदलू शकतो. निष्कर्षाच्या मजकुरात, तपासणीच्या अहवालांत आणि नमुन्यांच्या नळ्यांवर जुने क्रमांक राहिले तर एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर जातो. म्हणून सुधारित तक्त्यावर नवी तारीख घालावी आणि जुन्या-नव्या क्रमांकांची जोडयादी सोबत लावावी. इथे मात्र वाचताना गोंधळ नको म्हणून जुनेच क्रमांक चालू ठेवू.

आठवी पायरी: निष्कर्षाचे शब्द

पद्धत बदलली की माणसांचे आकडे बदलतात, आणि नातेवाइकांना खरं काम त्यांच्याशीच असतं. एक्स-लिंक्ड धरल्यावर ३-१ च्या प्रत्येक मुलग्याला विकार होण्याची शक्यता दोनात एक होती, आणि ३-२ पूर्ण मोकळा होता. अलिंगी अप्रभावीत ३-१ आणि ३-२ दोघेही नक्की वाहक, कारण बाधित बाप प्रत्येक अपत्याला बदललेलीच प्रत देतो. पण त्यांचं मूल बाधित व्हायला जोडीदारही वाहक लागतो. जोडीदार परका असेल तर आपल्या शंभरात एक या गृहीतावर ती शक्यता १/१०० × १/४, म्हणजे चारशेत एक. जोडीदार नात्यातला असेल तर हा आकडा लागू नाही, नव्याने काढावा लागतो. मूळ निष्कर्ष तसाच गेला असता तर ३-१ ला विनाकारण धास्ती बसली असती आणि ३-२ ला तो वाहक आहे हे कळलंच नसतं.

निष्कर्ष तीन भागांत लिहावा: काय सर्वांत जुळतं, कोणत्या त्रिकुटामुळे काय बाद झालं, आणि काय अजून पूर्ण बाद नाही. आपल्या तक्त्यासाठी तो असा होईल: ‘अलिंगी अप्रभावी पद्धत सर्वांत जुळते. ३-४ पूर्ण बाधित आणि तिचा पिता २-४ (वय ५८, तपासणी सामान्य) अबाधित असल्याने एक्स-लिंक्ड अप्रभावी जवळपास बाद. २-४ व २-५ सख्खी आते-मामे भावंडं. व्यक्ती वगळत जाणारी प्रभावी पद्धत आणि मायटोकॉन्ड्रियामार्फत उतरणारा बदल तक्त्यावरून पूर्ण बाद करता येत नाहीत. २-३ ची स्थिती अज्ञात, पुराव्यात धरलेली नाही.’

जनुकीय चाचणीसाठी नमुना आधी बाधित व्यक्तीचा घ्यावा, इथे ३-५ चा किंवा ३-४ चा. आईबाप नात्यातले असल्याने दोन्ही प्रतींवर एकच बदल सापडण्याची अपेक्षा ठेवावी आणि मग २-४ व २-५ यांच्याकडे त्याची एकेक प्रत आहे का ते पाहावं. दोघांकडेही सापडली तर तक्ता आणि चाचणी एकमेकांना दुजोरा देतात. २-४ कडे ती सापडलीच नाही, तर निष्कर्षाला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. नमुन्यांची अदलाबदल झाली का, ही पहिली. दुसरी म्हणजे तक्त्यातली २-४ पासून मुलांकडे उतरणारी रेघ जैविक नात्याची आहे का. हे दुसरं सगळ्यांसमोर विचारायचं नसतं. ते आईशी एकटीशी आणि समुपदेशकामार्फतच बोलावं, आणि उत्तर काहीही आलं तरी घरच्यांच्या हाती जाणाऱ्या तक्त्यावर ते तिच्या संमतीशिवाय उतरवू नये.